गाडीची किल्ली माझ्याकडे आहे

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारपासून तुम्ही गाडीची किल्ली शोधताय. देव्हाऱ्याखालचा खण, कोटाचे खिसे, सगळं पालथं घातलंत, असं आईनं सांगितलं. किल्ली हरवलेली नाही. निघताना मी ती उचलली, पर्समध्ये टाकली आणि पुण्याला घेऊन आले. दुसरी धाकट्या काकांकडे आहे. बुधवारी तुम्हाला दवाखान्यात नेणं आणि परत खानापूरला आणणं, दोन्ही काकाच करतील.

आणखी एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली. गुरुवारी सकाळी साडेदहाला वाटणीपत्रावर सह्या व्हायच्या होत्या, त्या मी पुढच्या बुधवारवर ढकलल्या. काकांशी बोलले, बाँड रायटरलाही फोन केला. गुरुजींनी काढून दिलेला मुहूर्त मोडला याचं तुम्हाला वाईट वाटेल, ते मला ठाऊक आहे. रागवा माझ्यावर. पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा. फोनवर तुम्ही "हो हो, कळलं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. शिवाय बुधवारी तोंडी सांगितलेलं तुमच्या लक्षात राहणार नाही, कागद मात्र आईजवळ राहील.

सतरा वर्षं मी रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या वडिलांना भूल देते, आणि माझ्याच वडिलांच्या ऑपरेशनला मी तिथं नाही. रजेसाठी दोनदा विचारलं. बरोबरच्या डॉक्टरांच्या घरी बाळंतपण आहे, त्यामुळे बुधवार ते शनिवार सगळ्या ऑपरेशनांच्या याद्या माझ्यावर आल्यात. तारीख पुढे घ्या म्हणाले असते, पण तो हर्निया आता खोकताना दुखू लागलाय, त्याला आणखी थांबवणं बरं नव्हे. तिथल्या भूलतज्ज्ञांशी मी अर्धा तास बोललेय. माणूस शांत आहे, तुमची साखर, बीपीची गोळी, घोरणं, सगळं त्यांनी लिहून घेतलं. भुलीची मला अजिबात काळजी नाही. मला काळजी आहे ती दुपारी तुम्ही घरी आल्यानंतरच्या चोवीस तासांची.

आई, आता मी तुला दिलेला शब्द मोडतेय. माफ कर.

बाबा, तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तुमची कोलोनोस्कोपी झाली होती. दुसऱ्या दिवशी गाडीचा डावा दिवा फुटलेला दिसला आणि तुम्ही म्हणालात, दवाखान्याच्या आवारात कुणीतरी ठोकली असणार. तुम्ही अजूनही तसंच समजता. दिवा आवारात फुटला नव्हता. मच्छे ओलांडल्यावर पावसात एक टेम्पो पुढे थांबला होता. आई दोनदा "अहो, अहो" म्हणाली. तुम्ही ब्रेक मारलात, पण उशिरा. गाडी घसरून कडेच्या भाताच्या खाचराकडे गेली आणि दिवा दगडावर आपटला. तुम्ही खाली उतरून पाहिलंत, टेम्पोवाल्याशी दोन शब्द बोललात, परत बसलात आणि गाडी घरी आणलीत. रात्री जेवताना तुम्ही आईला विचारलंत, "डॉक्टर भेटायला आलेच नाहीत का गं?" डॉक्टर तुमच्याशी दहा मिनिटं बोलले होते. तुम्ही त्यांना शेतातल्या कुठल्या वाफ्यात कुठलं भात लावलंय तेसुद्धा सांगितलं होतं.

आईनं हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमच्या मनाला लागेल असं तिला वाटलं. मलासुद्धा गेल्या दिवाळीत, पोळ्या लाटता लाटता सांगितलं. यात तुमची चूक तिळभर नाही. चाळीस वर्षांत तुमच्या हातून गाडीला ओरखडा गेलेला नाही. त्या दिवशी काय झालं ते औषधानं झालं. कसं झालं ते मी नीट सांगते, म्हणजे किल्ली का आणली ते तुम्हालाच पटेल.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला तुम्हाला मिडाझोलाम नावाचं इंजेक्शन दिलं होतं, कागदावर तशी नोंद आहे. त्याबरोबर प्रोपोफॉल, ते दुधासारखं पांढरं औषध. प्रोपोफॉलनं माणूस अर्ध्या मिनिटात झोपतो आणि थांबवलं की थोड्या मिनिटांत डोळे उघडतो. सगळ्यांना वाटतं, औषध गेलं. ते गेलेलं नसतं. ओसरीवरचे पाहुणे उठून माजघरात गेले की ओसरी रिकामी दिसते, पण पाहुणे घरातच असतात. तसं ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत जाऊन बसतं. तिथून थोडं थोडं रक्तात येत राहतं आणि यकृत ते सावकाश निकालात काढतं. जाग येणं आणि औषध शरीराबाहेर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मिडाझोलामचा हिशेब करून दाखवते, तुम्हाला हिशेब आवडतो. तरुण माणसाच्या शरीरात हे औषध दोन-तीन तासांत निम्मं होतं. साठीनंतर दुप्पट वेळ लागू शकतो, कुणाला त्याहून जास्त. आपण सहा तास धरू. अकरा वाजता दिलेलं औषध संध्याकाळी पाचला निम्मं राहतं, रात्री अकराला पाव, पहाटे पाचला दोन आणे आणि दुसऱ्या दिवशी अकराला एक आणा. गाडी चालवायला तुम्ही बसलात दुपारी दोनला. तेव्हा निम्म्याहून जास्त औषध अंगात होतं.

आणि या औषधाचा गुण असा, की ते झोप उतरल्यावरही आठवण लिहू देत नाही. माणूस बोलतो, चहा पितो, हसतो, विचारलं तर बरोबर उत्तर देतो, पण वहीत काही उतरत नाही. मधली पानं कोरी राहतात. म्हणून तुम्हाला चहा आठवतो, डॉक्टर आठवत नाहीत. खाचर आठवत नाही. लक्षाचंही तसंच. सरळ रस्त्यावर सगळं ठीक चालतं, अचानक काही समोर आलं की पाय ब्रेकवर जायला उशीर होतो. सगळ्यात वाईट म्हणजे हे ज्याचं त्याला जाणवत नाही. "मी अगदी ठीक आहे" ही भावना आधी परत येते, तल्लखपणा मागाहून येतो. माझे पेशंटही दुपारी हेच म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

तुम्ही म्हणाल, मग दवाखान्यानं सोडलं कसं? सोडताना आम्ही बीपी-नाडी बघतो, चालताना तोल जातो का, मळमळ, दुखणं, रक्त येतंय का, एवढंच बघतो. त्याला गुण असतात, दहापैकी नऊ मिळाले की घरी. पण ही परीक्षा सोबतीच्या माणसाबरोबर घरी जाण्यापुरती आहे. निर्णयशक्ती, लक्ष, आठवण यांचा त्यात एकही प्रश्न नसतो. टोरांटोच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचे पेशंट गाडीच्या सिम्युलेटरमध्ये बसवून पाहिले होते, 2005 साली ते छापून आलं. भुलीनंतर दोन तासांनी त्यांचं लक्ष घसरत होतं, चोवीस तासांनी ते इतरांसारखे झाले होते. त्यातली मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की ऑपरेशनच्या आधीसुद्धा त्यांची तरतरी कमी होती. आदल्या रात्रीची काळजी, उपास, अपुरी झोप. म्हणून बुधवारी सकाळी जातानाही गाडी काकांनीच चालवायची.

त्या वेळी कुणी सांगितलं नाही असंही नाही. चोवीस तासांची ओळ कागदावर छापलेली होती, इंग्रजीत, घडीच्या आतल्या बाजूला. नर्सबाईंनी कन्नडमध्ये सांगितलंही. बाबा, तुम्हाला कन्नड येतं, तुम्ही मान डोलावलीत, पण त्या वेळी तुमची वही कोरी होती. आई, तुला त्यातले चार शब्द कळले. सांगितलं गेलं ते ज्याच्या लक्षात राहणार नव्हतं त्याला. म्हणून या वेळी काकांना समोर उभं करून, कागद मराठीत उलगडून घ्यायचा. मी भूलतज्ज्ञांना तसं सांगून ठेवलंय. मिडाझोलाम टाळता आलं तर बघा, अशी विनंतीही केलीय, पण दुर्बिणीतून ऑपरेशन म्हणजे पूर्ण भूल, बाकीची औषधं लागणारच.

आता वाटणीचं. बुधवारी बाराच्या सुमाराला तुम्ही भुलीतून उठाल. गुरुवारचे साडेदहा म्हणजे पुरते चोवीस तासही होत नाहीत. दिवस मोजायचा तो ऑपरेशन संपल्यापासून, झोपून उठलं की नवा दिवस असं नाही. वर रात्रीची तुटक झोप, पोटात दुखणं, दुखण्याच्या गोळ्या. आणि वाटणीपत्र कन्नडमध्ये. चतुःसीमा, गुंठे, विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची कुठल्या दिवशी, वरच्या तुकड्याला जायची वाट कुणाच्या बांधावरून. आप्पांच्या वेळी त्या एका वाटेवरून काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. अशा वेळी माणसाला एक वाक्य संपेपर्यंत आधीचं धरून ठेवणं जड जातं, "बरं, तसं करूया" म्हणणं सोपं जातं, आणि तोंडी काय ठरलं ते नंतर आठवत नाही. काका आपलेच आहेत, फसवायचा प्रश्नच नाही. पण पाच वर्षांनी "मी असं म्हणालोच नव्हतो" असं तुम्हा दोघा भावांत होऊ नये. काकांनाही मी हेच सांगितलं आणि ते लगेच हो म्हणाले. 1872 च्या करार कायद्यातही आहे, सही करताना माणूस करार समजून आपलं हित ठरवण्याच्या स्थितीत असला पाहिजे. पुढच्या बुधवारी तुम्ही चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचा आणि हवी तिथे अडा.

बाबा, पुढचं लिहायला मला अवघड जातंय, पण लिहिते. कपाटातली फेणी. जेवणाआधीचा तो एक पेला तुमचा वर्षानुवर्षांचा आहे, मी त्यावर कधी बोलले नाही. कोलोनोस्कोपीच्या रात्रीही तुम्ही तो घेतला होता. वरचा हिशेब बघा, रात्री साडेआठला पाव भागाहून जास्त औषध अंगात होतं. मेंदूच्या ज्या कड्या ही औषधं दाबून धरतात त्याच दारूही दाबते, त्यामुळे दोघांचा जोर एकत्र होतो. त्या रात्री तुम्ही इतके गाढ झोपलात, की आई बॅटरी हातात घेऊन तुमची छाती वरखाली होते का बघत पहाटेपर्यंत बसून होती. तिच्या गुडघ्यांना ते आता झेपणार नाही. शिवाय बुधवारी पोट रिकामं, पाणी कमी प्यायलेलं, त्यात फेणी पडली तर बीपी उतरेल, उलटी होईल, टाक्यांवर ताण येईल. तुमच्या साखरेच्या गोळीबरोबर उपाशीपोटी दारू गेली तर साखर एकदम खाली येऊ शकते, आणि साखर उतरलेला माणूस गुंगीत असल्यासारखाच दिसतो. घरच्यांना वाटतं भूल आहे, झोपू दे.

एक दिवस ही कमीत कमी मर्यादा. घरी द्यायच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल असेल तर ती बंद होईपर्यंत फेणी नाही आणि गाडीही नाही, कारण तिनंही गुंगी येते. गाडीचं तर हर्नियासाठी वेगळंच आहे. भूल एका दिवसात उतरेल, पण जोरात ब्रेक दाबताना जांघेत कळ आली तर पाय आपोआप मागे येतो. ब्रेक न दुखता दाबता यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्याचा शब्द सर्जनचा.

आई, आता तुझ्यासाठी. तू घाबरून जाऊ नकोस, यातलं बहुतेक काही होणार नाही. बाबांची कॉट ओसरीच्या आतल्या खोलीत आण, संडास जवळ पडेल. न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नकोस. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायला दे, ती लहान निळी बरी. पहिल्यांदा घोटभर पाणी, मग चहा, मग आंबेमोहोराची पातळ पेज, मीठ घालून. कुंदा कुणी आणला तर तो फ्रिजमध्ये, बाबांना साखर आहे हे पाहुण्यांना कळत नाही. लघवी संध्याकाळपर्यंत झालीच नाही तर दवाखान्यात फोन. आणि तुझी झोपेची अर्धी गोळी त्यांना देऊ नकोस, त्यांनी मागितली तरी. सर्दीची, उलटीची घरातली जुनी गोळीही नाही. रात्री बाळू झोपायला येईल, त्याला सांगितलंय. पावसात लाइट जाते, बॅटरी चार्ज करून ठेव.

दिवसभर ते पेंगतील. ते चालेल. हाक मारली की डोळे उघडले, नीट उत्तर दिलं, परत झोपले, आणि दर दोन तासांनी जास्त जागे दिसू लागले, तर सगळं ठीक. उलटं झालं, म्हणजे संध्याकाळी बरे होते आणि रात्री जास्त गुंगले, हलवूनही नीट जागे होईनात, असंबद्ध बोलू लागले, तर थांबायचं नाही. श्वास मिनिटभर मोज, घड्याळ समोर धरून. बारा ते वीसच्या मध्ये असतो. दहाच्या खाली आला, घोरता घोरता मध्येच बंद पडू लागला, ओठ निळसर दिसले, तर बाळूला 108 लावायला सांग आणि बाबांना कुशीवर वळव. मधल्या वेळात साखर तपासा. सत्तरच्या खाली असली आणि ते गिळू शकत असले तर साखरपाणी द्या, गुंगीत असले तर तोंडात काही घालू नका. मग मला फोन. कितीही वाजलेले असोत, आधी 108, मग मी.

बाबा, मी दुसरीत असताना बेळगावला माझ्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं होतं. परत येताना यष्टीत मी तुमच्या मांडीवर झोपत होते आणि तुम्ही मला झोपू देत नव्हता. प्रत्येक थांब्याला हलवून विचारायचात, हे कुठलं आलं? आणि मी घशातल्या घशात सांगायची, पिरनवाडी, मच्छे, झाडशहापूर, देसूर, प्रभुनगर. तुम्हाला कुणी शिकवलं होतं ते मला माहीत नाही. मी आज माझ्या पेशंटच्या घरच्यांना जे सांगते तेच तुम्ही तेव्हा करत होता.

बुधवारी येताना आई मागे तुमच्याशेजारी बसेल आणि तेच विचारेल. चिडू नका, सांगा. आई, तू रात्री जेवताना त्यांना परत विचार, दुपारी कुठली कुठली गावं मोजली? दुपारी सगळी बरोबर सांगून रात्री त्यांना मोजल्याचंच आठवत नसेल, तर घाबरू नकोस, पण गुरुवारीही त्यांच्याकडून कसलं कबूल करून घेऊ देऊ नकोस, भातवाल्याला आगाऊ पैसे देणंसुद्धा नाही.

शनिवारी ड्यूटी संपली की रात्रीच्या बसनं निघते, रविवारी पहाटे घरी असेन. किल्ली बरोबर आणते. सर्जन हो म्हणेपर्यंत ती देव्हाऱ्याखालच्या खणात राहील, आणि या वेळी कुठे ठेवलीय ते तुम्हाला आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
ताई